एक्झिट तिकीट: भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज (इयत्ता सहावी)

मुलांसाठी

वेळ ६ मिनिटे. अर्धा कागद घ्या, कोपऱ्यात नाव आणि हजेरी क्रमांक लिहा. याला गुण नाहीत. उद्या कुणाला काय पुन्हा समजावायचं, ते मी यावरून ठरवणार आहे. शेजाऱ्याचं पाहून लिहिलंत तर तुमचं कुठे अडलंय ते मला कळणारच नाही. चुकलं तर पुसू नका, एक रेघ मारून पुढे लिहा.

१. १/२ + १/३ = किती? अक्षर लिहा.
(अ) २/५  (आ) २/६  (इ) १/६  (ई) ५/६

२. ३/४ + १/६ सोडवा. सगळ्या पायऱ्या दिसू द्या.

३. एका मुलीने १/२ + १/४ = २/६ असं लिहिलं. बेरीज न करता, नुसतं तिचं उत्तर पाहून ते चुकलंय हे कसं ओळखाल? एक वाक्य लिहा किंवा चित्र काढा.

शिक्षकांसाठी (दोन्ही तुकड्यांना हेच तिकीट)

पहिल्या प्रश्नातला प्रत्येक चुकीचा पर्याय एकेक चूक पकडतो. (अ) म्हणजे अंशात अंश, छेदात छेद मिळवले. (आ) म्हणजे छेद ६ केला, पण अंश तसेच ठेवले. (इ) म्हणजे बेरजेऐवजी गुणाकार झाला. तरी एकट्या या प्रश्नावर विसंबू नका. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारात एकदा बरोबर येतं. शिवाय दोन्ही अंश १ असले की छेदांची बेरीज वर आणि गुणाकार खाली मांडून ५/६ आपोआप मिळतं. ही युक्ती मुलं आपसात भराभर पसरवतात.

म्हणून निर्णय दुसऱ्या प्रश्नावर. तिथे अंश ३ असल्याने ती युक्ती १०/२४ देते आणि उघडी पडते. ४ आणि ६ हे छेदही मुद्दाम घेतलेत: त्यांचा गुणाकार २४, लसावि १२. कुणी २२/२४ लिहिलं तर ते बरोबरच आहे. लसावि काढला नाही, संक्षिप्त रूप दिलं नाही, एवढंच. त्या मुलाला पुन्हा शिकवायच्या गठ्ठ्यात टाकू नका. गेल्या वर्षी मी टाकलं होतं, आणि ज्यांना येत होतं ती मुलं तासभर कंटाळली.

३४ कागद आहेत. आधी फक्त दुसरा प्रश्न बघत गठ्ठे करा, दहा मिनिटांत होतात.

*गठ्ठा क:* ४/१० किंवा १०/२४. समच्छेद का करायचा हेच पोचलेलं नाही. यांना उद्या पुन्हा शिकवायचं.

*गठ्ठा ख:* ४/१२ किंवा ४/२४. छेद बदलला की अंशही त्याच पटीत बदलतो, एवढाच दुवा तुटलाय. यांनाही बसवायचं, पण वेगळं.

*गठ्ठा ग:* ११/१२ किंवा २२/२४. ९/१२ + २/१२ पर्यंत नीट येऊन पुढे १२/१२ लिहिणाराही इथेच. ती आकडेमोडीतली घसरण आहे, कागदावर खूण करून परत द्या.

कोरा कागद कुठल्याच गठ्ठ्यात नको. त्या मुलाला सकाळी जवळ बोलावून तोंडी विचारा. वेळ पुरला नाही की सुरुवातच सुचली नाही, यात फार फरक आहे.

मग गठ्ठा ग मधला फक्त तिसरा प्रश्न वाचा. ‘२/६ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे, अर्ध्यात भर घातल्यावर कमी कसं होईल?’ अशा अर्थाचं काही असेल तर छान. ‘कारण उत्तर ३/४ आहे’ एवढंच असेल, तर रीत आली, अंदाज आला नाही. उद्या सोडवण्याआधी ‘उत्तर अर्ध्याहून मोठं की लहान?’ हे त्यांना विचारत जा.

उद्याचा तास

गठ्ठा क मध्ये दहापर्यंत मुलं असतील तर त्यांना पुढे बसवा, बाकीच्यांना सरावसंच द्या. दहाच्या वर गेली तर पहिली पंधरा मिनिटं सगळ्या वर्गासाठीच. दहा हा माझा अनुभवाचा आकडा. त्याहून जास्त मुलांच्या कागदावर एकदम लक्ष राहत नाही.

आजचंच स्पष्टीकरण पुन्हा देऊ नका. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घ्या, एकीचे दोन भाग, दुसरीचे तीन. अर्धी आणि तिसरा हिस्सा शेजारी ठेवून ‘हे किती तुकडे झाले?’ विचारा. तुकडे सारखे नाहीत, मोजता येत नाहीत, ही अडचण मुलांच्याच तोंडून येऊ द्या. मग दोन्ही पट्ट्यांच्या सहा-सहा घड्या: तीन आणि दोन, पाच.

गठ्ठा ख ला बेरीज देऊच नका. ३/४ म्हणजे १२ पैकी किती, १/६ म्हणजे १२ पैकी किती, असे नुसते सममूल्य अपूर्णांक पाच मिनिटं करवून घ्या.

शेवटी क आणि ख दोघांनाही एकच उदाहरण: २/३ + १/५. बरोबर उत्तर १३/१५. ३/८ किंवा ८/१५ आलं तर ते मूल अजून गठ्ठा क मध्ये आहे, ३/१५ आलं तर ख मध्ये.