उसने दिलेल्या पैशांची आठवण: मित्रांना पाठवलेले मेसेज

निखिलला, शुक्रवार, 26 सप्टेंबर 2025

निखिल, कसा आहेस? नव्या घरात सामान लागलं का सगळं? 12 जूनला घराच्या डिपॉझिटसाठी तू माझ्याकडून 40,000 रुपये घेतले होतेस आणि 30 सप्टेंबरपर्यंत देतो म्हणाला होतास. येत्या मंगळवारी 30 तारीख आहे, म्हणून आधीच आठवण करतोय. मी ज्या खात्यावरून पाठवले होते त्याच खात्यावर टाक. तारीख मागेपुढे होणार असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मलाही माझं गणित त्याप्रमाणे बसवता येईल.

निखिलला, शनिवार, 4 ऑक्टोबर

निखिल, आज सकाळी खातं पाहिलं, 40,000 अजून आलेले नाहीत. पाठवले असशील तर व्यवहाराचा क्रमांक टाक, मी बँकेत विचारून घेतो. पाठवायचे राहिले असतील तर कधी जमेल ते एका ओळीत कळव.

निखिलला, सोमवार, 13 ऑक्टोबर

निखिल, दोन्ही मेसेज तू वाचलेले दिसतात, उत्तर मात्र आलं नाही. काल ग्रुपवर रविवारी भेटायचं ठरत होतं. तू 'येतो' लिहिलंस आणि दहा मिनिटांनी ते काढून टाकलंस. मी असणार म्हणून काढलं असशील, असं मला उगाच वाटत राहिलं. तसं असेल तर ते मला पैसे अडकण्यापेक्षा जास्त लागेल.

जूनमध्ये आमच्या जिन्यात उभं राहून तू पैसे मागितलेस, तेव्हा तुझा आवाज किती खाली गेला होता ते मी विसरलेलो नाही. मागणं तुला जड गेलं होतं. आज हे लिहिणं मलाही जड जातंय, दोनदा लिहून खोडलं. पण गोलगोल बोललो तर तुला नेमकं कळणार नाही आणि मी मनात कुढत बसेन, म्हणून सरळ लिहितो.

40,000 रुपये तुझ्याकडून यायचे आहेत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरच्या शेवटी ठरलंय आणि त्या खर्चात मी हे पैसे धरले होते. एकदम जमत नसतील तर हप्त्यांनी दे. हप्ता किती आणि कोणत्या तारखेला, ते तू ठरव. तुझ्या हातात पैसे कधी पडतात ते तुलाच ठाऊक, मी आकडा सांगितला तर तू संकोचाने हो म्हणशील आणि पुन्हा अडचणीत येशील.

बुधवारी रात्रीपर्यंत उत्तर दे. 'आत्ता हातात काहीच नाही' एवढंच असलं तरी चालेल, फक्त गप्प राहू नकोस. ग्रुपमधल्या कुणाला किंवा तुझ्या घरी मी यातला एक शब्दही सांगितलेला नाही, सांगणारही नाही. आणि रविवारी ये. तिथे मी पैशांचा विषय काढणार नाही.

निखिलला, बुधवार, 15 ऑक्टोबर

फोन केलास, फार बरं वाटलं. पगार दोन महिने अडकलाय हे मला माहीतच नव्हतं. आधी बोलला असतास तर सप्टेंबरची तारीख मीच पुढे ढकलली असती. आईच्या ऑपरेशनचे पैसे मी दुसरीकडून उभे करतोय, त्याचा ताण घेऊ नकोस.

फोनवर ठरलं ते इथे लिहून ठेवतो, नंतर दोघांनाही आठवायला बरं: 5 नोव्हेंबर, 5 डिसेंबर, 5 जानेवारी आणि 5 फेब्रुवारी, दर वेळी 10,000. व्याज नाही. बरोबर असेल तर खाली 'हो' लिही. एखादा हप्ता हलणार असेल तर तारखेच्या आधी सांगायचं, एवढंच माझं मागणं आहे.

निखिलला, बुधवार, 5 नोव्हेंबर

10,000 मिळाले. बाकी 30,000. पुढचा हप्ता 5 डिसेंबर. आभारी आहे रे.

वर्षाला, शनिवार, 22 नोव्हेंबर

वर्षा, गेल्या महिन्यातल्या सहलीची तिकिटं मी काढली होती ना, त्यातले तुझे 1,850 रुपये राहिलेत. गडबडीत विसरली असशील, म्हणून सांगितलं. आज-उद्या सवडीने टाक. फोटो मस्त आलेत, संध्याकाळी पाठवते असं तू म्हणाली होतीस, त्यांचीही वाट बघतोय!

सुभाषरावांना, सोमवार, 1 डिसेंबर

नमस्कार सुभाषराव. काल तुमचा फोन आला तेव्हा मी गाडीत होतो, नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑगस्टमध्ये दिलेले 15,000 रुपये अजून यायचे आहेत. 'पुढच्या आठवड्यात देतो' असं आपलं दोनदा बोलणं झालं. तुमचा हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पुढचा आठवडा म्हटलं की मी रोज खातं बघत बसतो आणि तुम्हालाही माझा फोन आला की अवघडल्यासारखं होत असेल. तेव्हा एक नक्की तारीख सांगाल का? 20 डिसेंबर तुम्हाला जमण्यासारखी आहे का?

काल तुम्ही आणखी 5,000 विचारलेत. ते मला देता येणार नाहीत. घरात आत्ताच आईचं ऑपरेशन झालंय, आणि पहिले परत आल्याशिवाय पुढचे द्यायचे नाहीत असं मी स्वतःपुरतं ठरवलंय. तुम्ही वडीलधारे, तुम्हाला नाही म्हणताना वाईट वाटतं, तरी खोटी आशा लावण्यापेक्षा आत्ताच सांगणं बरं. पैशांखेरीज काही मदत लागली, कुठे कागदपत्रं घेऊन जायचं असलं, तर हक्काने सांगा.

निखिलला, सोमवार, 8 डिसेंबर

निखिल, 5 तारखेचा हप्ता आलेला नाही आणि तुझा निरोपही नाही. हलणार असेल तर आधी सांगायचं असं आपलं ठरलं होतं, त्याची आठवण देतोय. बाकी 30,000 आहे. पूर्ण 10,000 होत नसतील तर जेवढे होतील तेवढे या रविवारी, 14 तारखेला पाठव. उरलेल्याचं त्यानंतर बोलू.

निखिलला, रविवार, 14 डिसेंबर

6,000 मिळाले. बाकी 24,000. दहा नाही जमले म्हणून तीन वेळा माफी मागितलीस, त्याची गरज नव्हती. सांगितल्या दिवशी आले, मला तेवढं पुरे. आता असं करू: 5 जानेवारीला 10,000 आणि उरलेले 14,000 फेब्रुवारीत 5 तारखेला. 14,000 एकदम जड वाटत असतील तर आत्ताच बोल, मार्चपर्यंत नेऊ.

वर्षाला, सोमवार, 15 डिसेंबर

वर्षा, 1,850 आले. फोटोही आले, आभार!

निखिलला, मंगळवार, 6 जानेवारी 2026

कालचे 10,000 मिळाले. बाकी 14,000, तारीख 5 फेब्रुवारी. आई आता चष्म्याशिवाय पेपरचे मथळे वाचते. तुझी चौकशी करत होती, एकदा येऊन जा.

निखिलला, गुरुवार, 5 फेब्रुवारी

14,000 मिळाले. 12 जूनचे 40,000 पूर्ण फिटले, तुझ्याकडून काहीही येणं नाही. हा मेसेज जपून ठेव. शनिवारी संध्याकाळी घरी आहेस का? येतो.