‘अक्षरमहर्षी’ हा शब्द काढा

*गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाच्या वार्षिकासाठी मी अण्णांवर एक लेख लिहिला होता. अण्णा साताऱ्यातल्या एका छापखान्यात बत्तीस वर्षं जुळारी होते, म्हणजे छपाईसाठी एकेक अक्षर हातानं जुळवायचे, पुढे तिथेच मुद्रितशोधक झाले. लेख छापायला जाण्याआधी त्यांना वाचायला दिला. चार दिवसांनी तो लाल शाईत न्हाऊन परत आला. चुका शुद्धलेखनाच्या कमी होत्या, माझ्या कल्पनेच्या जास्त. ‘हे मी असं बोललोच नाही’ असं समासात सात ठिकाणी होतं. शेवटी ठरलं की लेख मोडायचा. माहिती तीच ठेवायची, पण मी विचारायचं आणि त्यांनी सांगायचं. त्यांच्या दोन दुपारी त्यात गेल्या.*

अण्णा, लेखाची सुरुवात मी ‘लहानपणापासूनच अक्षरांची ओढ असलेले’ अशी केली होती. ती तुम्ही पहिल्या फटक्यात उडवलीत.

ओढ कसली? वडील गेले, नववीतून शाळा सुटली. १९६४ साल. मी पंधरा वर्षांचा. मामा छापखान्यात कागद पोचवायचा, त्यानं मालकांना विचारलं. ते म्हणाले, पोराला वाचता येतं का? येतं म्हटलं. मग राहू दे. महिना तीस रुपये. किराणा दुकानात पंचवीस देत होते, म्हणून छापखाना. हे लिही.

पहिल्या दिवशी काय काम दिलं?

झाडू. खरंच. फरशीवर पडलेले खिळे गोळा करायचे. खिळा म्हणजे शिशाचा ठोकळा, त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. शिसं, अँटिमनी आणि थोडं कथील. पायाखाली आला की अक्षराचा कान तुटतो, मग तो छपाईत फुटका उठतो. महिनाभर मी फक्त वेचले आणि त्यांच्या खान्यात परत टाकले. त्यातच केस, म्हणजे खिळ्यांची खानेदार पेटी, पाठ झाली. कुठल्या खान्यात काय आहे ते डोळ्यांनी शोधायचं नसतं, हात गेला पाहिजे. त्यावेळी वाटायचं, हे काय हमालाचं काम. शिकवण्याची तीच पद्धत होती, पण कोणी तसं सांगितलं नाही.

देवनागरीची केस इंग्रजीपेक्षा अवघड, असं मी एका ओळीत लिहिलं होतं. जरा फोडून सांगा ना.

एका ओळीत लिहिलंस म्हणून तर राग आला. इंग्रजीवाल्याला सव्वीस मोठी, सव्वीस छोटी, आकडे, विरामचिन्हं. संपलं. आमच्याकडे अक्षर वेगळं, अर्धं अक्षर वेगळं, काना वेगळा, जोडाक्षरं ओतलेली. क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्य, द्ध, ह्म… खाने शेकड्यांनी. माझ्यासमोर चार केस मांडलेल्या असायच्या, दोन समोर आणि दोन बाजूला. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा एक शब्द जुळवून बघ. त्यात वेलांटी अक्षराच्या आधी बसते पण उच्चार नंतरचा, रफार उच्चारात आधी आणि कागदावर शेवटी, त्याच डोक्यावर अनुस्वार. हस्तलिखित वाचायचं सुलट, हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ लावायच्या पट्टीत, खिळे लावायचे डोकं खाली करून. ओळ डावीकडून उजवीकडेच जाते, फक्त प्रत्येक अक्षर शीर्षासनात. सहा महिन्यांनी ते सुलट दिसायला लागलं. पुढे वर्तमानपत्र उलटं धरून वाचायचो, बायको हसायची.

आणि ओळ भरली की?

ओळ भरली की ती घट्ट बसायला हवी. शब्दांमधे स्पेस घालायच्या, जाड, मध्यम, बारीक. सैल राहिली तर मशीनवर खिळा वर येतो आणि कागद फाडतो. मग दोन ओळींमधे शिशाची पट्टी. मग ते सगळं गॅलीवर, म्हणजे लांबट ट्रेमध्ये. दोऱ्यानं बांधायचं, शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवून पहिलं प्रूफ काढायचं. दोरा नीट बांधला नाही तर… एकदा माझं अख्खं पान हातातून सांडलं. संध्याकाळी सहाला. रात्री साडेअकरापर्यंत एकेक खिळा वेचून खान्यात टाकला, दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा. मालक काही बोलले नाहीत. चहा पाठवला. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

लेखात मी दिवाळी अंकाच्या दिवसांना ‘मंतरलेले दिवस’ म्हटलं होतं.

(हसतात) लाल शाई त्याच्यावरच जास्त सांडली. मंतरलेले काय, काना संपायचा! छापखान्यात खिळे मोजके. सोळा पानं जुळवली की टाइप संपला. ती पानं मशीनवर चढवायची, छापायची, रॉकेलनं धुवायची, सगळे खिळे सोडून परत आपापल्या खान्यात टाकायचे, मग पुढची सोळा. आमच्या ट्रेडल मशीनवर एका वेळी चारच पानं बसत. आणि लेखक लोक मजकूर देणार घटस्थापनेला! मराठी दिवाळी अंकाची परंपरा १९०९ पासूनची, ‘मनोरंजन’पासूनची, असं लोक अभिमानानं सांगतात. मजकूर उशिरा देण्याची परंपराही तेव्हापासूनचीच असणार.

एका वर्षी एका कथेत ‘ळ’ इतके आले की आमच्याकडचे संपले. बाभळ, ओहोळ, आभाळ, पावसाळी वळण. मी मालकांना म्हटलं, लेखकाला विचारा ‘आभाळ’च्या जागी ‘आकाश’ चालेल का. त्यांनी विचारलं नाही, शेजारच्या छापखान्यातून मूठभर ‘ळ’ उसने आणले. दिवाळीनंतर मोजून परत केले.

शुद्धलेखनाचे नियम तुमच्या डोळ्यांसमोर बदलले. त्याचा हाताला काय फरक पडला?

हा प्रश्न लेखात नव्हता, बरा काढलास. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले, चौदा. नंतर बहात्तरला आणखी चार, एकूण अठरा. मी लागलो तेव्हा नवे नियम दोन वर्षांचे होते, पण जुनी माणसं ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘करणें’, ‘घरांत’ असंच लिहून आणायची. न उच्चारलेले अनुस्वार. नियमाप्रमाणे ते गेले. पण लेखक सत्तरीचा असेल तर मालक म्हणायचे, जसं आहे तसं जुळव. त्यांच्या वयाला नियम लावू नकोस. म्हणून एकाच अंकात पुढच्या पानावर ‘नाही’ आणि मागच्या पानावर ‘नाहीं’. आज कोणी संशोधक तो अंक बघेल आणि म्हणेल, छापखाना बेफिकीर होता.

आता मी बोलतोय ते तू ‘केलं’, ‘गेलं’ असं अनुस्वार देऊन छापशील. बोलणं दाखवायला तेवढा ठेवलाय.

सगळ्यात गाजलेली चूक?

माझी नाही, पण सही माझी होती, म्हणून माझीच. संस्कृतच्या एका शिक्षकांचा सत्कार होता, त्याची पुस्तिका. हाताखालच्या पोरानं जुळवलं, ‘आचाऱ्यांच्या चरणी’. हवं होतं ‘आचार्यांच्या’. रफार काढून तो आडवा अर्धा र घातला आणि गुरुजींचा स्वयंपाकी झाला. प्रूफ मी वाचलं होतं. डोळ्यांना जे हवं तेच दिसतं. तीनशे प्रती छापून झाल्यावर मालकांच्या आईनं वाचलं आणि विचारलं, जेवायला काय आहे?

पहिलं पान फाडून नवं चिकटवलं. गुरुजींना कळलं की नाही कोण जाणे. पण त्यानंतर मी प्रूफ शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचायला लागलो. अर्थ लागू द्यायचा नाही. अर्थ लागला की चूक लपते.

आणीबाणीचा परिच्छेद तुम्ही अख्खा काढायला सांगितलात. मी लिहिलं होतं, ‘त्या काळात अण्णांनी निर्भयपणे…’

निर्भयपणे काहीही केलं नाही, म्हणून. १९७५ चा पावसाळा. एक पोरगा आला, कॉलेजातला असावा. पत्रक छापायचं होतं. म्हणाला, छापखान्याचं नाव घालू नका. प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालायचं हा तेव्हा १८६७ चा कायदा होता, इंग्रजांचा. नाव घातलं तर मालक आत, नाही घातलं तरी आत. मालकांनी नाही म्हटलं. मी तिथेच उभा होतो, स्टिक हातात. पोरगा माझ्याकडे बघत होता. मी खाली बघून ओळ भरली. हे छापायचं असेल तर छाप, नाहीतर दोन्ही काढ.

शिशाचा त्रास झाला का? त्यावर मी लिहिलंच नव्हतं.

कोणी विचारत नाही. आम्हाला रोज पावशेर दूध मिळायचं, शिसं उतरतं म्हणून. पुढे मुलगी नर्स झाली, ती म्हणाली, दुधानं शिसं जात नाही, जेवणाआधी हात साबणानं धुतले असते तर जास्त उपयोग झाला असता. आम्ही धोतराला पुसायचो. आणि बारीक स्पेस दोन्ही हात अडकले की ओठात धरायचो. पोट दुखायचं अधूनमधून. माझ्यापेक्षा मोठे दोघं हात थरथरतात म्हणून घरी बसले. वयामुळे की शिशामुळे, तेव्हा कोणी तपासलं नाही.

१९९६ मध्ये खिळ्यांचं काम थांबलं. तो दिवस आठवतो?

दिवस असा नव्हता. आधी लग्नपत्रिका गेल्या, मग पुस्तकं, शेवटी पावतीपुस्तकं उरली. मालकांच्या मुलानं कॉम्प्युटर आणला, त्यात श्रीलिपी हे मराठी टाइपचं सॉफ्टवेअर घातलं. टाइप भंगारात किलोवर गेला. बावीस पोती. तराजूवर ‘क्ष’ला आणि स्वल्पविरामाला एकच भाव.

मला त्यांनी प्रुफं वाचायला ठेवलं. कॉम्प्युटरवर पहिल्यांदा रडवलं ते फॉन्टनी. इथे केलेला मजकूर पुण्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की सगळा चिनी. फॉन्ट त्यांच्याकडे नाही म्हणून. मी मालकांच्या मुलाला म्हटलं, आमचा खिळा पुण्याला नेला असता तरी ‘क’चा ‘क’च राहिला असता. युनिकोड आल्यावर ती कटकट मिटली. ते चांगलं झालं. जुनं सगळं चांगलं असं माझं म्हणणं नाही, ते माझ्या तोंडी घालू नकोस.

जुनं काही घरी ठेवलंत का?

एक स्टिक. नातू तिच्यात पेन्सिली ठेवतो. खिळे मुलीनं घरात येऊ दिले नाहीत.

शेवटचं. लेखाचा शेवट मी असा केला होता: ‘आजही रात्री झोपेत अण्णांची बोटं हवेत खिळे शोधतात.’

तुला कोणी सांगितलं? शोधत नाहीत. दुखतात. संधिवात आहे. काढ ते.

आणि ‘अक्षरमहर्षी’ शीर्षकातून काढलास ना? बरं. दुसऱ्या पानावर ‘सह्याद्रीच्या दर्या’ लिहिलं होतंस, तिथे ‘दऱ्या’ पाहिजे. हे सगळं टाइप झालं की प्रूफ आण. संध्याकाळी नको, उजेड पुरत नाही. सकाळी आण.