दिवाळीच्या साडीची घडी मोडली का?

नमस्कार ताई,

पाडव्याच्या गर्दीत तुमच्याशी धड दोन शब्द बोलायचे राहून गेले. आता तुळशीचं लग्नही झालं, म्हणून निवांत लिहितो आहोत. शहापूरच्या आमच्या दुकानातून दिवाळीला नेलेली साडी नेसलात का? अंगावर कशी बसली, निऱ्या नीट पडल्या का, पहिल्या धुण्यात रंग गेला का, हे आम्हाला खरंच ऐकायचं आहे. गुगलवर दुकानाच्या पानावर चार ओळी लिहा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, जे असेल तेच लिहा. वडगावच्या ज्या मागावर ती विणली, तिथे आम्ही तो मजकूर वाचून दाखवतो. विणणाऱ्याला साडी गेल्यावर तिचं पुढे काय झालं हे एरवी कळतच नाही. अभिप्राय आणि खालची सूट यांचा एकमेकांशी संबंध नाही. सूट सगळ्यांनाच आहे.

फॉल उसवला असेल, काठाचा धागा निघाला असेल तर साडी घेऊन या. पावती हरवली तरी चालेल, वहीत नोंद आहे.

कपाटात ठेवण्याआधी एवढं करा. जरीची साडी हँगरवर महिनोन् महिने लटकवू नका, वजनाने ताणते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, जर काळी पडते. दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून घडी बदला, नाहीतर रेशीम नेमकं घडीवरच विरतं. इरकल असेल तर पहिली एक-दोन धुणी गार पाण्यात आणि वेगळी. लाल पदराचा रंग अंगावर उतरू शकतो.

आता पुढचं. पौषात लग्नं नसतात, मागावर कामही कमी असतं. म्हणून पौष लागल्यापासून अमावास्येपर्यंत दुकानातल्या सगळ्या साड्यांवर १५ टक्के सूट आहे, आणि दिवाळीला आमच्याकडे खरेदी केलेल्यांना फॉल-पिको मोफत. संक्रांतीच्या काळ्या साड्याही यात आल्या. काळ्या इरकली फार नाहीत, मनात असेल तर आधीच सांगून ठेवा. हळदी-कुंकवाच्या वाणासाठी खणाचे बटवे आणि ब्लाउजपीस डझनावर घेतल्यास दर वेगळा लावू.

खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या ताईंनी हेलपाटा घालू नये. याच नंबरवर ‘साडी’ एवढंच लिहा, दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो पाठवतो. पसंत पडली की कुरिअर करू. नको असेल तर ‘नको’ लिहा, पुन्हा मेसेज येणार नाही.

घरात माघ-फाल्गुनातलं लग्न असेल तर मनासारखे काठ-पदर विणून घ्यायला पौषच बरा. रंग मात्र लवकर कळवा, सूत रंगवून वाळायलाच दिवस जातात.