लग्नकार्यं आणि समारंभ, नाशिक: माझ्या कामाविषयी

नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांत मी लग्नं, मुंजी, साठीशांत, बारशी आणि कंपन्यांचे कार्यक्रम सांभाळते. माझा मांडवाचा धंदा नाही, केटरिंगचाही नाही. माझ्या मालकीची एक खुर्चीसुद्धा नाही. ज्यांच्या खुर्च्या आहेत, ज्यांच्याकडे आचारी आहेत, ज्यांचा साउंड आहे, त्या सगळ्यांना एका वेळापत्रकात बसवायचं आणि कार्याच्या दिवशी ते वेळापत्रक पाळून घ्यायचं, हे माझं काम. त्या दिवशी घरच्यांनी फक्त यजमान असावं, असा माझा हट्ट असतो. मुलीचे वडील जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते बघायला मागे गेलेत आणि दारात व्याही ताटकळलेत, हे दृश्य मी पाहुणी म्हणून गेलेल्या बऱ्याच लग्नांत पाहिलं आहे. माझ्या हातातल्या कार्यात ते होऊ देत नाही.

"तुम्ही नेमकं करता काय?" असं विचारणाऱ्यांना मी गंगापूर रोडकडच्या एका लॉनवरचं लग्न सांगते. एप्रिलचा शेवटचा आठवडा, साडेसहाशे पानं, गोरज मुहूर्त 6 वाजून 48 मिनिटांचा. मार्च-एप्रिलमधला अवकाळी काय करतो हे नाशिककरांना, त्यातही द्राक्षवाल्यांना, सांगायला नको. म्हणून लॉन ठरवतानाच शेजारचा हॉल रात्रीपर्यंत आपल्याकडे राहील, हे मालकाकडून लिहून घेतलं होतं. त्याचे वीस हजार जास्त पडले. मुलीच्या काकांना तो खर्च फुकट वाटला होता, आणि तसं त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं.

साडेचारला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, वारा सुटला. अशा वेळी "बघू या, जाईल निघून" हे वाक्य सगळ्यांत महाग पडतं. चारशे खुर्च्या आत घ्यायला माणसं हाताशी असली तरी पाऊण तास लागतो, आणि पाऊस सुरू झाल्यावर ओल्या खुर्च्या आत नेऊन उपयोग नसतो. म्हणून पाऊस पडो न पडो, पाच वाजता निर्णय घ्यायचा हे सकाळच्या बैठकीतच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पाचला मी "आत" म्हटलं. मांडववाल्यांच्या पोरांनी आधी खुर्च्या घेतल्या, मग बोहलं. लाइटवाल्या दादांनी लॉनवरची लाइन पूर्ण बंद केली आणि जनरेटरची केबल फक्त हॉल आणि भटारखान्याला ठेवली. ओल्या गवतावर चालू वायर मी एक मिनिटही राहू देत नाही. होम हॉलमध्ये आला तर धूर कुठून बाहेर जाईल, हे गुरुजींबरोबर आदल्या दिवशीच बघून ठेवलं होतं, त्यामुळे हॉलच्या मागच्या दोन खिडक्या उघडून तिथेच जागा धरली. सहाला जो पाऊस आला तो तास-सव्वा तास हलला नाही.

मुलीच्या आईला मी पाचलाच जाऊन सांगितलं, "काकू, मांडव आत घेतोय. मुहूर्त तोच आहे." एवढंच. लोक घाबरतात ते पावसाला कमी आणि "काय करू या?" या प्रश्नाला जास्त. नेसून-सजून बसलेल्या आईसमोर तीन पर्याय टाकायचे आणि तिनेच निवड करायची, हा मला तिच्यावर अन्याय वाटतो. निवडी महिनाभर आधी, चहा पिताना करून घ्यायच्या असतात.

मंगलाष्टकं वेळेवर झाली. जेवणाच्या हॉलमध्ये दोनशेऐवजी एकशेवीसच पानं मांडता येत होती, म्हणून पंगती वाढल्या. पहिल्या पंगतीला म्हातारी माणसं, लहान मुलं असलेल्या बायका आणि मुंबईला परतणारे बसवले. रात्री 10 नंतर माइक बंद म्हणजे बंद, तो नियम आहेच. शेवटची पंगत मात्र पावणेअकरापर्यंत शांतपणे चालली. पावसाने काहीच नुकसान केलं नाही असं मी म्हणणार नाही. फुलांचं प्रवेशद्वार गेलं, लॉनवरचे फोटो राहिले. काकांनी जाताना हॉलच्या वीस हजारांबद्दल काही म्हटलं नाही, तेवढं मला पुरलं.

आता ज्यांच्या जोरावर हे होतं त्यांच्याविषयी. कार्याच्या आधी आठ-दहा दिवस मी मांडववाले, आचारी, साउंड-लाइट, फुलवाले, फोटोग्राफर, मेकअपवाली ताई आणि शक्य असेल तर गुरुजी, या सगळ्यांना त्याच जागेवर एकत्र बोलावते. फोनवर प्रत्येक जण "होऊन जाईल ताई" म्हणतो. जागेवर उभं केलं की खरं कळतं. लाइटचा लोखंडी सांगाडा कापड लागण्याआधी उभा राहिला पाहिजे, नाहीतर लाइटवाला येऊन लावलेलं कापड फाडतो आणि दोघांची भांडणं आपल्याला सोडवावी लागतात. झेंडूच्या माळा आदल्या रात्री चालतात, पण गजरे ओल्या फडक्यात सगळ्यांत शेवटी यायला हवेत. फोटोग्राफर लाजाहोमाच्या वेळी कुठे उभा राहणार, हे गुरुजींच्या देखत ठरलं की ऐन विधीत "जरा बाजूला व्हा हो" ऐकू येत नाही. आचाऱ्यांबरोबर सगळ्यांत जास्त वेळ जातो. वाढपी किती, गॅसच्या 19 किलोच्या टाक्या किती आणि राखीव किती, पाणी कुठून, उरलेलं अन्न कोणाकडे जाणार, हे सगळं कागदावर. पानांची मोजदाद माझा माणूस आणि त्यांचा माणूस मिळून प्रत्येक पंगतीला करतात आणि दोघं सही करतात. बिलावरून रात्री बारा वाजता घासाघीस करायची वेळ त्यामुळे आजवर आलेली नाही.

वाढप्यांना पहिल्या पंगतीआधी जेवायला घालते. ही गोष्ट अंदाजपत्रकात दिसत नाही, पण उपाशी माणूस जिलबी आग्रहाने वाढत नाही. आणि ज्याचे त्याचे उरलेले पैसे त्याच रात्री, फार तर दुसऱ्या सकाळी मिळतील हे मी पाहते. ऐन तुळशीच्या लग्नानंतरच्या गर्दीत, एकाच दिवशी चार ठिकाणी बोलावणं असताना, चांगला मांडववाला माझ्याकडे का येतो, त्याचं उत्तर बहुतेक यातच आहे. मी कोणाकडूनही कमिशन घेत नाही. त्यांचं बिल थेट तुमच्या नावाने येतं, माझी फी वेगळी.

लग्नांखेरीजचं काम थोडक्यात सांगते. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाचा कार्यक्रम करते. तिथली मेख अशी, की कामगार तीन पाळ्यांत येतात आणि मशीन थांबत नाही. म्हणून एकच मोठा समारंभ न करता प्रत्येक पाळी बदलताना पस्तीस मिनिटांचा कार्यक्रम: शपथ, बक्षिसं, नाश्ता. रात्रपाळीच्या माणसांनाही नाश्ता गरमच मिळाला पाहिजे, ही अट मी घातली आणि व्यवस्थापनाने मान्य केली.

एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन इंदिरानगरच्या त्यांच्या सोसायटीत केलं, जेमतेम ऐंशी माणसं. आजोबांना कानाचं यंत्र होतं. स्पीकर मोठा लागला की त्यांना सगळा गोंगाटच ऐकू यायचा, म्हणून भाषणं साध्या एका माइकवर आणि स्पीकर त्यांच्यापासून लांब ठेवले. साउंडवाल्याला ते फारसं आवडलं नाही. आजोबांना प्रत्येकाचं बोलणं ऐकू आलं, नातवाच्या चुकलेल्या श्लोकासकट.

मुलगा-मुलगी परदेशात आणि आईवडील इथे, अशी लग्नं आता वाढली आहेत. तिथे निर्णय कोण घेणार हेच आधी ठरवावं लागतं. अमेरिकेत झोपायची वेळ झालेली असताना इथून साड्यांचे आणि मेनूचे फोटो जाऊ लागले, की दोन्हीकडे चिडचिड होते. मी आठवड्यातून एक ठरलेला फोन ठेवते, दोन्ही घरं एकत्र, आणि त्यानंतर काय ठरलं ते लगेच लिहून पाठवते. अधल्यामधल्या मेसेजवर ठरलेलं मी पक्कं धरत नाही.

कार्याच्या दिवशी घरातल्या एकाच माणसाशी माझा संपर्क असतो. शक्यतो तो वधू-वर किंवा त्यांचे आईवडील नसावेत. एखादा शांत डोक्याचा आतेभाऊ किंवा मामेबहीण उत्तम. सगळ्या कामवाल्यांकडे माझा आणि माझ्या दोन मदतनिसांचा नंबर असतो, घरच्यांचा नसतो. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत ठरलेल्या टप्प्यांवर मी त्या माणसाला निरोप देते: गुरुजी पोचले, वरपक्षाची बस घोटीला आली, पहिली पंगत बसली. काही बिघडलं तर आधी दुरुस्ती, मग निरोप. पण लपवाछपवी नाही. आणि मानपानाच्या याद्या मी स्वतः वाचून घेते, कारण कार्यातली खरी वादळं आभाळातून कमी आणि राहून गेलेल्या एका आहेरातून जास्त येतात.

एका दिवशी मी एकच कार्य घेते. मुहूर्ताच्या दिवसांत यामुळे बरीच कामं नाकारावी लागतात. माझ्या कामात न बसणाऱ्या गोष्टीही सांगून ठेवते: रात्री 10 नंतरचा डीजे, पाहुण्यांच्या गर्दीत फटाके, आणि अन्न परवाना नसलेला केटरर, मग तो नात्यातला का असेना.

एका दिवसाच्या लग्नासाठी माझी फी साठ हजारांपासून सुरू होते, घरगुती कार्यासाठी अठरा हजारांपासून, त्यावर जीएसटी. तीस टक्के ठरवताना, पन्नास टक्के कार्याच्या आठवडाभर आधी, उरलेले वीस टक्के हिशेब हातात पडल्यावर. हिशेब पंधरा दिवसांत देते, प्रत्येक पावतीसह. आधी ज्यांची कार्यं केली त्यांपैकी काही घरांनी फोनवर बोलायची तयारी दाखवली आहे. त्यांच्याशी जरूर बोला, फक्त मी समोर नसताना.

2027 मधली तारीख डोक्यात असेल तर एक सांगते. सिंहस्थाची अमृतस्नानं त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या खोल्या, बस आणि रस्ते यांचा भरवसा त्या काळात धरू नका. साखरपुडा किंवा कंपनीचा कार्यक्रम असेल तर तो आधी किंवा दिवाळीनंतर घेता येतो का ते पाहू. सिंहस्थात लग्न करावं की नाही, हा प्रश्न तुमच्या गुरुजींचा. मी त्यात पडत नाही.

पहिली भेट तासाभराची, तिचे पैसे नाहीत. येताना पाहुण्यांची कच्ची यादी आणा, दोन्ही घरांची वेगवेगळी. खर्चाचा खरा आकडा आणा, थोरल्या भावाला सांगितलेला नको. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला साखर आहे, कोण कांदा-लसूण खात नाही आणि कोणाचं कोणाशी पटत नाही, हेही त्याच कागदावर मागे लिहून आणा. तो कागद माझ्याकडेच राहतो.