विषय : शेजारच्या साइटवरचं रात्रीचं काम थांबवण्याबाबत

प्रति, माननीय सेक्रेटरी आणि कमिटी मेंबर्स,

नमस्कार. तोंडी सांगून झालं, ग्रुपवर टाकून झालं, आता लेखी देतोय म्हणजे पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेताना "आमच्याकडे तक्रारच आली नाही" असं कोणी म्हणायला नको.

गेले अठरा दिवस मागच्या प्लॉटवर रात्री साडेदहा-अकराला काम सुरू होतं ते पहाटे तीनपर्यंत चालतं. सळयांचा ट्रक येतो आणि माल अक्षरशः वरून खाली सोडतात, तो आवाज झाला की अख्खी बी विंग दचकून उठते, मग ब्रेकर, मग रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं टीं टीं. पाचव्या मजल्यावरच्या आजी आता दुपारी झोपतात आणि रात्री गॅलरीत बसून असतात. माझी मुलगी दहावीला आहे, सकाळी क्लासला जाताना रिक्षात झोपते. खिडक्या बंद केल्या तर उकाडा, उघड्या ठेवल्या तर हे.

स्लॅबचं मी समजू शकतो. काँक्रीट ओतायला घेतलं की मध्येच थांबवता येत नाही, जोड कच्चा राहतो, आणि मिक्सर गाड्यांना दिवसा ट्रॅफिकमुळे अडचण येते हेही मान्य. तरी नियम नियमच आहे, पण ते महिन्यातून एखादवेळ होणार, दोन दिवस आधी कळवलं तर लोक एक रात्र काढतील एकवेळ. पण सळया उतरवायला आणि तोडफोड करायला रात्रच कशाला लागते? सुपरवायझरला विचारलं तर म्हणे "वरून ऑर्डर आहे".

२००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यात रात्री १० ते सकाळी ६ रहिवासी भागात आवाज करणारी बांधकामाची मशिनरी चालवायलाच मनाई आहे. रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, माझ्या मोबाइलवर बेडरूममध्ये खिडकी बंद करून ७० च्या वर दिसतं (मोबाइलचं मीटर काही पुरावा नाही धरत कोणी, पण अंदाज येतो).

तर कमिटीने सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला पत्र द्यावं आणि त्याची कॉपी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला आणि पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्यावी. एकेकट्याने ११२ ला फोन केला की गाडी येते, काम अर्धा तास थांबतं, गाडी गेली की परत सुरू, हे चार वेळा झालंय. आणि बिल्डरने कंपाउंड वॉल फुकट बांधून द्यायचं कबूल केलंय म्हणून आपण गप्प आहोत अशी कुजबुज बिल्डिंगमध्ये चालू आहे, ती खरी नसेल तर पत्र द्यायला अडचण नसावी.

तारखा, वेळा आणि व्हिडिओ माझ्याकडे आहेत, पेन ड्राइव्ह सोबत दिलाय. बी विंगच्या २४ पैकी १९ घरांच्या सह्या मागच्या पानावर आहेत. रविवारच्या आत काय ठरलं ते नोटीस बोर्डवर लावा, नाहीतर आम्ही १९ जण आमच्या सहीने वॉर्ड ऑफिसला जातो.

आपले,
बी विंगचे रहिवासी