तुम्ही तिकडे, आई-बाबा इकडे: फराळ आम्ही घरी नेऊन देतो

दिवाळीच्या आधी तुम्ही फोनवर विचारता, "आई, फराळाचं काय केलंस?" आणि आई म्हणते, "आम्हा दोघांना कितीसं लागतं? आणू थोडं बाहेरून." हे वाक्य ऐकून ज्यांच्या पोटात कालवतं, त्यांच्यासाठी आम्ही पुण्यात, कर्वेनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात फराळ करतो. तो तुमच्या आई-बाबांच्या, आत्या-मामांच्या, एकट्या राहणाऱ्या आजीच्या हातात नेऊन देतो.

सुरुवात आमच्याच घरातून झाली. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. एका दिवाळीत तिनं हौसेनं आईसाठी मिठाईची पेटी मागवली. पेटी आली ती भाऊबीज उलटून गेल्यावर, सोसायटीच्या गेटवर ठेवलेली. आत काजूकतली, सुकामेवा आणि चॉकलेटं होती. आईनं तिला फोनवर सांगितलं, "छान आहे हो," आणि पेटी शेजारच्या मुलांना दिली. तिला चकली हवी होती. कवळी बसवल्यापासून कडक चकली चावत नाही, हेही पेटी पाठवणाऱ्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पुढच्या वर्षापासून मी आणि माझ्या जाऊबाईंनी बहिणीच्या वतीनं फराळ करून द्यायला घेतलं. मग तिच्या मैत्रिणींच्या घरी, मग त्यांच्या मैत्रिणींच्या.

डब्यात काय असतं

दिवाळीच्या पूर्ण डब्यात भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, लसणाची शेव, शंकरपाळे, ओल्या नारळाऐवजी सुक्या खोबऱ्याचं सारण भरलेल्या करंज्या, बेसनाचे लाडू आणि अनारसे असतात. एकूण दोन किलो, किंमत ₹१,९५०. दोनच माणसांच्या घरासाठी एक किलोचा डबा आहे, ₹१,०५०, त्यात अनारसे आणि शेव नसते. ऑर्डर देताना आम्ही चार गोष्टी विचारतो: तिखट कितपत चालतं, दातांना त्रास आहे का, साखरेचं पथ्य आहे का, आणि घरात लसूण चालतो का. दातांचा त्रास असेल तर कडक चकलीऐवजी लोण्याची मऊ चकली देतो, आणि बेसनाच्या जागी रव्याचे मऊ लाडू. साखरेचं पथ्य असलेल्या घरी गोड कमी करून चिवडा आणि शेव वाढवतो. गूळ घातला म्हणजे मधुमेहाला चालतो, असं आम्ही कुणाला सांगत नाही. तो चालत नाही.

अनारशांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ऑर्डरची तारीख त्यांच्यावर अवलंबून असते. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. मग उपसून पंचावर सावलीत पसरायचे, आणि हाताला ओलसर लागत असतानाच दळून चाळायचे. त्या पिठात किसलेला गूळ मळून गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात निदान पाच दिवस मुरू द्यायचा. तळताना खसखशीची बाजू वर ठेवायची, अनारसा उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून गरम तूप सोडत राहायचं. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात विरघळत पसरतो. आमच्याकडे म्हणतात, अनारसा हसला. हसलेला घाणा आम्ही डब्यात भरत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून मोजलं तर दहा दिवस हाताशी लागतात, आणि आयत्या वेळी अनारसे मिळत नाहीत.

यंदाच्या तारखा

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर २०२६ ला आणि भाऊबीज ११ नोव्हेंबरला आहे. पूर्ण डब्याची मागणी २० ऑक्टोबरपर्यंत, अनारशांशिवायच्या डब्याची २८ ऑक्टोबरपर्यंत घेतो. त्यानंतर घेत नाही. जास्त मागणी घेऊन डबा भाऊबीजेनंतर पोचवणं म्हणजे आमच्या आईला जे वाटलं तेच तुमच्या आईला वाटायला लावणं.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये २ ते ६ नोव्हेंबरला आमचीच माणसं घरी येतात. मुंबई, ठाणे, नाशिक, सातारा, सांगली, कोल्हापूर इथे डबे रात्रीच्या गाडीनं जातात आणि तिथले आमचे ओळखीचे लोक घरपोच देतात. गावाकडे स्पीड पोस्टानं पाठवतो. त्या डब्यात करंज्या आणि अनारसे घालत नाही, वाटेत चुरा होतो. त्यांच्या जागी शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू वाढवतो. पोचवण्याचे पुण्यात ₹१२०, बाहेरगावी ₹२५०.

दारात काय होतं

आधी घरी फोन करतो, तुमचं नाव सांगतो. अनोळखी माणसाला दार उघडू नका असं तुम्हीच आई-बाबांना बजावलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मागणी करताना तुम्ही एक खुणेचा शब्द ठरवून घरी सांगून ठेवा. आमचा माणूस तोच शब्द दारात म्हणेल. आजवर आलेले शब्द बहुतेक घरातल्या मांजराचे किंवा तुमच्या लहानपणच्या लाडक्या नावाचे आहेत, आणि ते ऐकून दार हसत उघडतं. घरच्यांकडून पैसे, सही किंवा मोबाइलवरचा आकडा आम्ही कधीच मागत नाही. कुणी मागितला तर तो आमचा माणूस नव्हे.

वेळ तुम्ही ठरवा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेसात, लंडनमध्ये दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. डबा उघडताना व्हिडिओवर असायचं असेल तर ही वेळ सोयीची. सिडनीवाल्यांना सकाळची बरी, इथले साडेदहा म्हणजे तिथले दुपारचे चार.

डब्यावर तुमची चिठ्ठी असते. तुम्ही मजकूर टाइप करा, आम्ही तो मोठ्या, ठळक अक्षरात हातानं लिहितो. नातवंडांनी काढलेलं चित्र पाठवलंत तर छापून लावतो. मागच्या वर्षी कोथरूडच्या एका आजींनी लाडू बाजूला ठेवून आधी चित्रच देवापाशी नेऊन ठेवलं होतं.

बाकीचे सण

गणपतीत उकडीचे मोदक फक्त पुण्यात, आणि सकाळी उकडलेले दुपारच्या नैवेद्याआधी. ते दुसऱ्या दिवसाचे नसतात. बाहेरगावी तळणीचे मोदक पाठवतो. संक्रांतीला चिक्कीच्या गुळाच्या तिळाच्या वड्या आणि लाडू, होळीला पुरणपोळी आणि पाडव्याला श्रीखंड, ही दोन्ही फक्त पुण्यात.

प्रत्येक डब्यावर केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावं ती तारीख असते. चकली, शेव, चिवडा आणि शंकरपाळे बंद डब्यात तीन आठवडे छान राहतात, लाडू आणि करंज्या दोन आठवडे. डबा फुटला, ओला झाला किंवा उशिरा पोचला तर आम्हाला दोन दिवसांत कळवा. शक्य असेल तर नवा डबा देतो, नाहीतर सगळे पैसे परत.

पैसे तुमच्या तिथल्या कार्डानं भरता येतात. खालच्या अर्जात घरचा पत्ता, जवळची खूण, घरच्यांचा फोन आणि खुणेचा शब्द लिहा. आई-बाबांना आधी सांगायचं की त्यांना चकित करायचं, हेही लिहा. चकित करायचं असेल तर आम्ही घरी फोन तुमच्या नावानं करणार नाही, फक्त "पार्सल आहे, घरी आहात ना?" एवढंच विचारू, आणि खुणेचा शब्द दारातच सांगू.