दादा, ताई, रिव्ह्यूत हेच टाकतेय

दादा, ताई, दोघांना एकाच ग्रुपवर लिहितेय. आधी वेगवेगळे मेसेज लिहायला बसले होते पण दादांनी लग्नात काढलेल्या फोटोंबद्दल लिहिताना सारखं ताईंच्या लायटिंगवर यायला लागलं आणि ताईंनी सजवलेल्या स्टेजबद्दल लिहिताना दादांचे फोटो आठवायला लागले, म्हटलं एकच लिहूया. तुम्ही दोघांनी रिव्ह्यू मागितला होता, तर हाच मेसेज जसाच्या तसा दोन्हीकडे टाकतेय. मोठा झालाय, त्याला इलाज नाही. पाच स्टार आणि "खूप छान सर्विस" एवढंच लिहून मोकळं व्हायला मन धजत नाहीये.

काल रात्री सगळे फोटो घरी टीव्हीवर लावून पाहिले. आई, बाबा, आमच्या सासूबाई, माझी बहीण, सगळे. साधारण दीडशेव्या फोटोला बहीण उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मी मागून गेले तर ती ओट्याला टेकून रडत होती. तुम्हाला कळलं असेलच कुठला फोटो ते. भाचा मधोमध उभाय, एका हाताने त्याच्या बाबांचं बोट धरलंय, दुसरा हात माझ्या साडीच्या काठावर, आणि तो सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय. घाबरून नाही, कान झाकून नाही, शांतपणे. सात वर्षांचा झाला तो आणि घरातल्या एकाही कार्यक्रमातला त्याचा असा फोटो आमच्याकडे नव्हता. असतो तो प्रत्येक ठिकाणी, पण कुणाच्या तरी खांद्यात तोंड खुपसून, नाहीतर बहीण त्याला घेऊन बाहेर गाडीत बसलेली.

जे लोक हा रिव्ह्यू वाचतील त्यांच्यासाठी सांगते, माझा भाचा ऑटिस्टिक आहे, अचानक चमकलेला प्रकाश, मोठे आवाज, उग्र वास हे त्याला सहन होत नाही. पहिल्या मीटिंगला मी हे दोघांनाही सांगितलं होतं, खरं सांगायचं तर फार अपेक्षा न ठेवता, कारण आधी ज्यांच्याज्यांच्याशी बोललो ते सगळे "हो हो, बघून घेऊ" म्हणाले होते. यांनी दोघांनी तेव्हा फोन बाजूला ठेवला आणि प्रश्न विचारले. दादांनी विचारलं की फ्लॅशचा त्रास होतो की कॅमेऱ्याच्या खटखट आवाजाचा की दोन्हीचा. ताईंनी विचारलं की त्याला कुठे बसायला आवडतं, उघड्यावर की कोपऱ्यात. असं आजवर कुणीच विचारलं नव्हतं!

मग जे झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांत कळलं, म्हणून इथे नीट लिहून ठेवते. दादांनी ठरवलं की भाचा आसपास असेल तेव्हा फ्लॅश बंद आणि सायलेंट शटर. पण सायलेंट शटरची एक गोची असते हे मला माहितीच नव्हतं. हॉलमधले बरेचसे एलईडी दिवे, त्यातही डिमरने मंद केलेले, सतत चालू-बंद होत असतात, इतक्या वेगाने की डोळ्याला दिसत नाही, पण सायलेंट शटरमध्ये फोटो एकदम न येता ओळी-ओळीने येतो, त्यामुळे चेहऱ्यावर आडवे काळपट पट्टे उमटतात. दादांनी हे ताईंना फोन करून सांगितलं, आणि ताई लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हॉलवर जाऊन एकेक दिवा लावून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करून बघत होत्या, कुठला लुकलुकतोय ते. जे लुकलुकत होते ते काढले, स्टेजवरचे डिमर काढून टाकले, दिवे कमी केले पण फुल ब्राइटनेसवर ठेवले आणि उजेड मऊ यावा म्हणून पुढे पांढरं पातळ कापड ताणलं. एका मुलाचा फोटो नीट यावा म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं एकमेकांना फोन करून दिवे तपासतात, हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही सांगितलं पण नव्हतं हो एकमेकांशी बोला म्हणून.

ताई, जांभळ्या लायटिंगवरून मी तुमच्याशी किती वाद घातला होता ते आठवून आता वाईट वाटतं. मला स्टेजभर जांभळे पार लाइट हवे होते, कुठेतरी बघितलं होतं आणि डोक्यात बसलं होतं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त मला समोर उभं केलंत, एकदा जांभळा लावलात, एकदा साधा पिवळसर, आणि मोबाईलवर दोन्ही फोटो काढून हातात दिलेत. जांभळ्यात माझा चेहरा आजारी दिसत होता. मग जांभळा फक्त मागच्या भिंतीवर गेला आणि माणसांवर सगळा वॉर्म उजेड. आता फोटोत आजीची साडी तिच्या खऱ्या रंगाची दिसते, बाबांचा चेहरा बाबांसारखा दिसतो. दादा म्हणाले की चेहऱ्यावर जांभळा उजेड पडला की तो एडिटिंगमध्ये काढणं जवळपास अशक्य असतं. बरं झालं ऐकलं तुमचं.

आणि तो कोपरा. स्टेजच्या डाव्या बाजूला पडद्यामागे ताईंनी एक छोटी जागा केली होती, खाली जाड गालिचा, दोन उशा, एक मंद दिवा, आणि पडद्याला बरोबर त्याच्या उंचीवर एक फट, की आत बसून बाहेरचं सगळं दिसावं. उग्र वासाची फुलं सगळी गेटवर, त्या बाजूला फक्त पानं आणि बिनवासाची फुलं. भाचा जवळपास चाळीस मिनिटं तिथे बसून सगळं बघत होता आणि मग स्वतःहून, कुणी न बोलावता, बाहेर येऊन स्टेजवर चढला. दादा तेव्हा दुसरीकडे पाहुण्यांचे फोटो काढत होते, पण त्यांनी पाहिलं, हळूच आले, लांबूनच गुडघ्यावर बसले, फ्लॅश बंद, आणि सात-आठ फोटो काढले. "बाळा इकडे बघ, स्माइल दे" असलं काहीही नाही. तो स्वतःच बघेपर्यंत थांबले. त्यातलाच तो फोटो.

बाकीच्या कामाबद्दलही लिहायला हवं. दादा आणि त्यांच्या टीममधली दुसरी फोटोग्राफर मुलगी, दोघं सकाळी सात ते रात्री साडेअकरा उभे होते. आजीला दात नसल्यामुळे फोटोत हसायची लाज वाटते, तर त्या मुलीने आजीशेजारी खाली बसून आधी गप्पा मारल्या, कॅमेरा मांडीवर ठेवून, आणि बोलता-बोलता फोटो काढून लगेच स्क्रीनवर दाखवला. आजी म्हणाली, अजून एक काढ! असं आजी म्हणेल यावर घरात कुणाचा विश्वास बसला नसता. शिवाय रात्री निघायच्या आधी दादांनी आमच्यासमोर सगळे फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी केले. कॅमेऱ्यातसुद्धा एकाच वेळी दोन कार्डांवर सेव्ह होत होतं. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात कार्ड खराब होऊन अर्ध्या दिवसाचे फोटो गेले होते, त्यामुळे मला याची फार धास्ती होती आणि मी मीटिंगला तीनदा तेच विचारलं होतं. तिन्ही वेळा न वैतागता उत्तर दिलंत.

ताईंकडे सकाळी फुलं आली तेव्हा ठरलेल्या फिक्या गुलाबी रंगाची फुलं कमी पडली. त्यांनी तसंच भलतंच काही लावून न टाकता सहा वाजता मला फोटो पाठवला, हे दोन पर्याय आहेत, दहा मिनिटांत सांग. मी सांगितलं, झालं. कुणी विचारलं नसतं तर स्टेजवर गेल्यावरच कळलं असतं मला. संध्याकाळी वाऱ्याने गेटची कमान एका बाजूला कलली तेव्हाही पाहुण्यांना कळायच्या आत पोरांनी वाळूच्या पिशव्या टाकून सरळ केली. वायरी सगळ्या कडेने नेऊन टेपने चिकटवलेल्या, आजोबांची व्हीलचेअर कुठे अडकली नाही.

आता जे कमी वाटलं तेही लिहिते, कारण नुसतं गोड लिहिलं तर वाचणाऱ्याला रिव्ह्यू खोटा वाटेल, आणि तुम्हीच म्हणाला होतात की खरं लिहा. गेटची कमान आम्ही बोललो होतो त्यापेक्षा अरुंद झाली, व्हीलचेअर जात होती पण शेजारी चालणाऱ्याला मागे थांबावं लागत होतं. फॅमिली फोटोंना पाऊण तासाच्या वर गेला, पाहुणे कंटाळले. यात अर्धी चूक आमची, नावांची यादी द्यायला सांगितली होती ती आम्ही दिली नाही, त्यामुळे एकेकाला शोधत बसलो. पुढच्यांना सांगते, यादी द्या आणि हाका मारायला घरातला मोठ्या आवाजाचा एक माणूस नेमा. फोटो सहा आठवड्यांत म्हणाले होते, सात लागले, पण उशीर होणार हे आम्ही विचारायच्या आधी स्वतः कळवलं. व्हिडिओ पहिल्यांदा आला त्यात स्लो मोशन खूपच होतं आणि म्युझिकखाली बाबांचं बोलणं दबलं होतं. सांगितल्यावर चार दिवसांत पुन्हा करून दिला, आता बाबांचा शब्द न् शब्द ऐकू येतो.

कुणी मला विचारलं की घेऊ का यांना, तर मी हो म्हणेन, आणि जमलं तर दोघांना एकत्रच घ्या असंही सांगेन. घरात कुणी लहान मूल, म्हातारं माणूस, कुणाची काही वेगळी गरज असेल तर पहिल्याच मीटिंगला सांगून टाका. हे ऐकतात.

दादा, तुमच्या पेजवर आमचे कुठलेही फोटो टाकले तरी चालतील, फक्त भाच्याचा चेहरा दिसेल असे नको, बहिणीने तेवढं सांगायला सांगितलंय. तो गालिच्यावर पाठमोरा बसून फटीतून बघतोय तो टाका, तो तिलाही चालेल. आणि मधला तो फोटो भिंतीवर लावायला मोठा प्रिंट करून हवाय, एक बहिणीकडे आणि एक आमच्याकडे, कधी देऊ शकाल ते कळवा. ताई, तुमचा एक लांब एक्स्टेंशन बोर्ड आणि कापडाची पिशवी हॉलवाल्यांनी आमच्या सामानात भरून दिली होती, सापडलीये. रविवारी माझा भाऊ तुमच्याकडूनच जाणारे, त्याच्यासोबत पाठवते. पिशवीत भाच्याने तुमच्यासाठी काढलेलं एक चित्र पण आहे. पडदा आहे आणि फटीतून दिसणारे पाय, खूप सारे पाय.